उत्सवाआधी शेजाऱ्यांना द्यायचे पत्र

परदेशातील बहुतेक मराठी मंडळांचा गणेशोत्सव भाड्याच्या सभागृहात होतो. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाला स्वतःची वास्तू आहे, पण असे भाग्य थोड्याच मंडळांच्या वाट्याला येते. बाकीची मंडळे शाळेचा, चर्चचा किंवा कम्युनिटी सेंटरचा हॉल एका दिवसापुरता घेतात. हे हॉल सहसा राहत्या वस्तीत असतात आणि उत्सवाचा दिवसही वस्तीच्या सुट्टीचाच असतो. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. तिथे कामाच्या दिवशी मोठा कार्यक्रम जमत नाही, म्हणून अनेक मंडळे तो शनिवारी, १९ सप्टेंबरला ठेवतील. त्या शनिवारी शेजारी घरीच असणार. कुणी बागकाम करत असेल, कुणी रात्रपाळी करून झोपला असेल, कुणाकडे पाहुणे येणार असतील. अशा घरांत आठ-दहा दिवस आधी मंडळाने एक पानी पत्र पोचवावे, अशी रीत ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातल्या अनेक मंडळांत रुळली आहे. कित्येकदा हॉलच्या भाडेकरारातच तशी अट असते.

या पत्राचा वाचक आपल्या दारापुरता विचार करतो, आणि त्याने तसा करणे योग्यच आहे. गणपती म्हणजे काय, हे त्याला दोन वाक्यांत कळले तरी पुरते. त्याचे खरे प्रश्न वेगळे असतात. आपली गाडी बाहेर काढता येईल का? आवाज किती वाजता सुरू होईल आणि कधी थांबेल? काही बिनसले तर फोन कुणाला करायचा? यांची नेमकी उत्तरे जमवताना मंडळाला स्वतःचे नियोजन तपासावे लागते. म्हणून पत्राचे काम कागद-पेन घेण्याआधी बरेच सुरू होते.

सर्वांत जास्त तक्रारी ढोलाच्या नसतात, गाड्यांच्या असतात. ढोल अर्धा तास वाजून थांबतो, पण दारासमोर उभी केलेली अनोळखी गाडी चार तास हलत नाही. तेव्हा पहिला हिशेब गाड्यांचा. समजा, इंग्लंडमधल्या एखाद्या गावातले मंडळ चारशे माणसांची अपेक्षा धरून आहे. एका गाडीत सरासरी तीन माणसे धरली तर सुमारे १३५ गाड्या येतील. हॉलच्या आवारात ६० गाड्या मावतात. जवळच्या शाळेने शनिवारपुरते मैदान देण्याचे लेखी कबूल केले आहे, तिथे आणखी ८० मावतात. कागदावर १४० जागा झाल्या, म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात नाटुकल्यात काम करणारी मुले, त्यांचे आईवडील, स्वयंपाकघरातली मंडळी आणि ढोल पथक वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या गाड्यांनी येतात. सरासरी अडीचवर उतरली की गाड्या १६० होतात आणि वीस गाड्या रस्त्यावर जातात. त्यात महाप्रसादाच्या सुमारास सकाळचे लोक निघालेले नसतात आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाचे लोक येऊ लागतात. दिवसातली खरी अडचण त्या तास-दीड तासाची असते. पत्रात ती वेळ लिहायला हवी. ‘दुपारी साडेबारा ते दोन या वेळात तुमच्या रस्त्यावर नेहमीपेक्षा जास्त गाड्या दिसतील’ हे वाक्य वाचणाऱ्याला बाजारहाट आधी उरकता येतो. ‘थोडी गैरसोय होईल’ या वाक्याचा त्याला असा काही उपयोग होत नाही.

पार्किंगचे नियम देशोदेशी वेगळे असतात. ब्रिटनमध्ये घराच्या आवारात गाडी वळवता यावी म्हणून फुटपाथची कड जिथे उतरती केलेली असते, तिथे आडवी गाडी लावणे हा शेजाऱ्याच्या दृष्टीने मोठा अपराध असतो. गाडी पाच मिनिटांसाठी लावली होती की तासासाठी, याने त्याला फरक पडत नाही. अनेक ठिकाणी स्थानिक कौन्सिल त्यासाठी दंडही करते. चौकाच्या तोंडापासून दहा मीटरच्या आत गाडी लावू नये, असे तिथला हायवे कोड सांगतो. लंडनमध्ये फुटपाथवर गाडी चढवण्यास १९७४ पासून सर्वसाधारण बंदी आहे. या गोष्टी शेजाऱ्यांना ठाऊकच असतात. त्या मंडळाच्या सभासदांना कळवायच्या असतात. पत्रात मात्र एवढे यावे, की पाहुण्यांना शाळेच्या मैदानाचा पत्ता तिकिटासोबत पाठवला आहे, हॉलचे आवार ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी राखले आहे आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना चमकदार जॅकेट घातलेले स्वयंसेवक उभे असतील.

या स्वयंसेवकांच्या अधिकाराबद्दल जास्तीचे आश्वासन देणे हा नेहमीचा घोटाळा आहे. सार्वजनिक रस्त्यावर वाहने थांबवण्याचा किंवा वळवण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नसतो. कौन्सिलची परवानगी घेतल्याशिवाय रस्त्यावर शंकू ठेवून जागा अडवताही येत नाही. स्वयंसेवक विनंती करू शकतो, पर्यायी जागा दाखवू शकतो, गाडीचा नंबर टिपून हॉलमधल्या माइकवरून मालकाला बोलावू शकतो. तेव्हा ‘तुमच्या दारासमोर एकही गाडी लागणार नाही’ असे लिहू नये. ‘तुमचे दार अडले तर फोन करा, गाडीच्या मालकाला आम्ही लगेच शोधू’ असे लिहावे, कारण तेवढे मंडळाच्या हातात असते.

आवाजाबद्दल लिहिताना आवाज कसा प्रवास करतो याची थोडी जाण असावी लागते. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते. म्हणजे दहा मीटरवर जो आवाज असेल, तो ऐंशी मीटरवर अठरा डेसिबलने कमी झालेला असतो. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण ढोल-ताशांचा जवळचा आवाज इतका मोठा असतो की ऐंशी मीटरवरच्या घरातही तो स्पष्ट पोचतो. त्यातही ताशाचा कडकडाट आणि ढोलाचा ठोका यांत फरक आहे. ताशाचा उंच पट्टीचा आवाज भिंतीने आणि बंद खिडकीने बराच अडतो. ढोलाचा खालच्या पट्टीचा आवाज मात्र भिंतींतून आत येतो, आणि घरातल्या माणसाला तो छातीत जाणवतो. खिडक्या बंद ठेवा, असा सल्ला म्हणून फारसा कामाचा नाही.

हॉलमध्ये बऱ्याचदा आवाजाची मर्यादा राखणारे यंत्र बसवलेले असते. पातळी वाढली की त्यावर आधी हिरव्याचा पिवळा आणि मग लाल दिवा लागतो, आणि लाल काही सेकंद टिकला तर व्यासपीठाच्या सॉकेटची वीज जाते. गाण्याच्या ऐन मध्यावर स्पीकर बंद पडल्याचा अनुभव बऱ्याच मंडळांना येतो. ढोलाला मात्र वीज लागत नाही, त्यामुळे तो या यंत्राला दाद देत नाही. सप्टेंबरमधल्या गर्दीने हॉल तापला की कुणीतरी मागचे आपत्कालीन दरवाजे उघडून ठेवते, आणि मागच्या गल्लीतल्या घरांना दिवसभराचा कार्यक्रम ऐकू जाऊ लागतो. ज्या बाजूचे दरवाजे बंद राहणार, त्या बाजूच्या घरांना तसे कळवावे आणि ते बंद राहतील हे पाहायला एक माणूस नेमावा. तो न नेमता लिहिलेले आश्वासन दुपारी दोनच्या उकाड्यात मोडते.

रात्री अकरापर्यंत कितीही आवाज केला तरी चालतो, हा समज ब्रिटनमधल्या आपल्या लोकांत पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. १९९६ च्या नॉइज ॲक्टमध्ये रात्री अकरा ते सकाळी सात ही वेळ रात्रीच्या आवाजासाठी ठरवलेली आहे, हे खरे. पण १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार उपद्रव दिवसाही ठरू शकतो, आणि त्यासाठी डेसिबलचा एकच ठरावीक आकडा नाही. किती वेळ, किती वेळा, कोणत्या वस्तीत आणि किती जोराने, हे पाहून कौन्सिलचे अधिकारी ठरवतात. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ सर्वसाधारणपणे पाळली जाते आणि रविवारची शांतताही कायद्याने जपलेली आहे. तिथे रविवारी दुपारचे ढोल ठेवण्याआधी महापालिकेला विचारलेच पाहिजे. अमेरिकेत आवाजाच्या वेळा प्रत्येक शहराच्या किंवा काउंटीच्या वेगळ्या असतात, म्हणून एका मंडळाचे पत्र दुसऱ्याने उतरवून घेऊ नये.

आवाजाबाबत शेजाऱ्याला सर्वांत उपयोगी माहिती ही, की बाहेरचे ढोल किती वाजता सुरू होतील आणि किती वाजता थांबतील. ज्या घरात नवजात बाळ आहे, रात्रपाळीचा माणूस आहे, आवाजाने बिथरणारे मूल किंवा कुत्रे आहे, ते घर त्या अर्ध्या तासाची व्यवस्था आपापल्या परीने करू शकते. कुणी कुत्र्याला लांब फिरायला नेईल, कुणी बाळाला आजीकडे पाठवील. पण ही सगळी व्यवस्था दिलेली वेळ पाळली तरच चालते, आणि मंडळांचे पाऊल इथेच घसरते. प्रतिष्ठापना लांबते, भाषण लांबते, आरतीला अजून चार माणसे यायची असतात, आणि अकराचे ढोल बाराला वाजतात. कुत्र्याला फिरवून परत आलेल्या शेजाऱ्याच्या डोक्यावर नेमके तेव्हाच ढोल सुरू होतात. यावर साधा उपाय आहे. बाहेर वाजणाऱ्या ढोलाच्या वेळा आधी पक्क्या कराव्यात आणि बाकीचा कार्यक्रम त्यांच्याभोवती सैल ठेवावा. मिरवणूक अकराला निघायची तर ती अकरालाच निघेल आणि राहिलेली भाषणे नंतर होतील. मिरवणूक हॉलच्या आवाराबाहेर रस्त्यावर जाणार असेल, तर पोलिसांना आणि कौन्सिलला आधी कळवण्याचे काम वेगळे. इंग्लंडमध्ये मिरवणुकीची लेखी सूचना पोलिसांना किमान सहा दिवस आधी द्यावी लागते. शेजाऱ्यांचे पत्र हे त्या सूचनेच्या जागी चालत नाही.

वेळांच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. पत्रावर छापतात ती कार्यक्रमाची वेळ, ‘सकाळी दहा ते रात्री नऊ’. शेजाऱ्याचा दिवस मात्र सकाळी सातला सुरू होतो, कारण तेव्हा मखराचे सामान, भांडी आणि स्पीकर घेऊन व्हॅन येते आणि तिचे मागचे दार दहा वेळा उघडते-मिटते. रात्रीही नऊला पडदा पडतो, पण माणसे जात नाहीत. आवारात उभे राहून निरोप घेणे, मुलांना हाका मारणे, गाड्यांची दारे आपटणे, टेबले-खुर्च्या घडी करून गाडीत टाकणे, रिकाम्या बाटल्यांची पिशवी डब्यात ओतणे हे सारे पावणेदहापर्यंत चालते. त्या वेळी रस्ता शांत झालेला असतो, म्हणून हा आवाज दुपारच्या गाण्यांपेक्षा जास्त बोचतो. तेव्हा पत्रात तीन वेळा हव्यात: सामान कधी येणार, कार्यक्रम कधी चालणार आणि आवार कधी रिकामे होणार. बाटल्या ओतण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर करता येते, एवढे ठरवले तरी शेवटची वेळ पुष्कळ शांत जाते.

आता संपर्काचा फोन. पत्रातली ही एक ओळ बाकीच्या सगळ्या मजकुराला आधार देते. ज्याला मंडळाचा फोन लागत नाही तो कौन्सिलला किंवा पोलिसांना करतो, आणि मग साध्या अडलेल्या दाराची नोंद सरकारी दप्तरात होते. पुढच्या वर्षी हॉलचा व्यवस्थापक ती नोंद काढून दाखवतो. म्हणून हा फोन अध्यक्षांकडे किंवा सचिवांकडे असू नये. आरतीच्या वेळी ते मूर्तीसमोर असतात, बक्षीस समारंभात व्यासपीठावर असतात. तो अशा माणसाकडे असावा ज्याला त्या दिवशी दुसरे काहीच काम नाही, ज्याला तिथली भाषा सहज बोलता येते आणि जो रागावलेल्या माणसाचे पुरते ऐकून घेऊ शकतो. ढोलाच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही, त्यामुळे फोन थरथरण्यावर ठेवून खिशात नव्हे तर हातात ठेवावा. घरगुती नंबर शंभर घरांत वाटण्यापेक्षा मंडळाचे वेगळे सिमकार्ड बरे. ते वर्षानुवर्षे तसेच राहते आणि शेजाऱ्याने एकदा टिपलेला नंबर पुढच्या वर्षीही चालतो. मेसेजही घेतला जाईल असे लिहावे, कारण पुष्कळांना अनोळखी माणसाशी फोनवर भांडायला नको असते.

फोन आल्यावर काय करायचे हेही आधीच ठरवावे. वेळ, घर, तक्रार आणि काय केले हे एका वहीत लिहायचे, गाडीची तक्रार असेल तर नंबर माइकवरून वाचायचा आणि पंधरा मिनिटांत त्या घरी जाऊन किंवा फोन करून काय झाले ते सांगायचे. गाडीचा मालक सापडला नसेल, तरी तेच सांगायचे. गप्प राहिल्याने माणूस जितका चिडतो, तितका ‘अजून शोधतो आहोत’ ऐकून चिडत नाही.

पत्र तिथल्या भाषेत, एकाच बाजूला मावणारे आणि तारीख असलेले असावे. त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर साधारण असा होईल:

‘नमस्कार. शनिवारी, १९ सप्टेंबर रोजी तुमच्या रस्त्यावरच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणेशोत्सव आहे. हा महाराष्ट्रातला मोठा सण असून त्यात गणपतीच्या मूर्तीची पूजा, गाणी, मुलांचे कार्यक्रम आणि एकत्र जेवण असते. दिवसभरात सुमारे चारशे लोक येतील.

सामानाची व्हॅन सकाळी सातला येईल. कार्यक्रम दहा ते नऊ या वेळात हॉलच्या आत होईल आणि आवार पावणेदहापर्यंत रिकामे होईल. सकाळी ११ ते ११.३० आणि संध्याकाळी ५ ते ५.३० या दोन वेळांना आवारात ढोल वाजतील. हा आवाज मोठा असेल. एरवी बागेकडचे दरवाजे बंद असतील.

पाहुण्यांसाठी शाळेच्या मैदानावर पार्किंग आहे. तरीही दुपारी साडेबारा ते दोन या वेळात रस्त्यावर जास्त गाड्या दिसतील. तुमचे दार कुणी अडवले, आवाजाचा त्रास झाला किंवा दुसरी काही अडचण आली, तर खालच्या मोबाइलवर फोन किंवा मेसेज करा. तो शनिवारी सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत आणि रविवारी दुपारपर्यंत आमच्या एका स्वयंसेवकाच्या हातात असेल. त्या दिवशी तुमच्याकडे रुग्णवाहिका, देखभाल करणारी नर्स, सामानाचा ट्रक किंवा घरगुती समारंभ असेल, तर आधी कळवा. आम्ही तुमच्या दारापाशी माणूस उभा करू.

दुपारी साडेतीनला शेजाऱ्यांसाठी चहा आणि फराळ ठेवला आहे. सर्व पदार्थ शाकाहारी आहेत. काहींत शेंगदाणे आणि सुकामेवा आहे.’

यात देणगीचे आवाहन नाही आणि प्रायोजकांची बोधचिन्हेही नाहीत, आणि ती जाणून वगळायची असतात. कागदावर जाहिरात दिसली की तो न वाचता टोपलीत जातो. ढोलाचा आवाज ‘मोठा असेल’ हे सरळ सांगितले आहे, कारण ‘थोडेसे संगीत’ असे वाचलेला माणूस पहिल्याच ठोक्याला फसवला गेल्यासारखा होतो. शेंगदाण्याचा उल्लेख त्या देशांत गंभीरपणे घेतला जातो, तो कधीच गाळू नये.

पत्र किती घरांत द्यायचे हे नकाशावर वर्तुळ काढून ठरत नाही. आवाज एका दिशेने जातो आणि गाड्या दुसऱ्याच दिशेने पसरतात. पथकाच्या सरावाच्या वेळी एकाने आसपास चालून ढोल कुठवर स्पष्ट ऐकू येतो ते पाहावे आणि हॉलपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर जिथे जिथे मोकळे पार्किंग आहे ते रस्ते त्यात मिळवावेत. हे दुसरे रस्ते हमखास राहून जातात, आणि तिथूनच फोन येतात. शक्य तिथे दार वाजवून पत्र हातात द्यावे. हॉलला लागून असलेल्या आठ-दहा घरांत तर नक्कीच. फ्लॅटच्या इमारतीत आत जाता येत नसेल, तर व्यवस्थापकाला विचारून सूचनाफलकावर लावावे. ब्रिटनमध्ये दाराच्या फटीतून पत्र टाकता येते. अमेरिकेत मात्र टपालपेटी ही टपालखात्यासाठी राखलेली असते आणि तिकीट न लावलेला कागद तिच्यात टाकणे कायद्याने मना आहे. तिथे पत्र दाराला अडकवावे, हातात द्यावे किंवा टपालानेच पाठवावे. दिवस दहा ते चौदा आधीचा धरावा. महिनाभर आधी दिलेले पत्र हरवते आणि तीन दिवस आधी दिलेल्या पत्रावर कुणाला उत्तर देऊन आपली अडचण सांगायला सवड राहत नाही.

दार वाजवताना कळलेल्या गोष्टी पत्राइतक्याच मोलाच्या असतात. समोरच्या घरातल्या आजोबांकडे दिवसातून चार वेळा देखभाल करणारी बाई गाडीने येते, हे कळले की त्या दारापाशी स्वयंसेवक उभा करता येतो. शेजारच्या घरात त्याच दुपारी बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी आहे, हे कळले तर ढोल आवाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेता येतात. हे सारे फोन सांभाळणाऱ्याच्या वहीत घरक्रमांकासह आधीच लिहिलेले असावे.

कार्यक्रम संपल्यावर फुटपाथवरचा गुलाल, पाकळ्या आणि कागदी पेले त्याच रात्री उचलावे लागतात. पावसाने गुलाल भिजला तर त्याचा डाग दारापुढे आठवडाभर राहतो. रविवारी सकाळी एकाने पत्र दिलेल्या सगळ्या रस्त्यांवर चालत जाऊन राहिलेले उचलावे आणि ज्या घरांतून फोन आला होता तिथे दार वाजवावे. वही मंडळाच्या कागदपत्रांत ठेवून नव्या कार्यकारिणीला सुपूर्द करावी. पुढच्या सप्टेंबरच्या पत्राचा मसुदा, ढोलाच्या जागा आणि शाळेच्या मैदानासाठीची विनंती तिच्यावरूनच ठरते.